की ठेवायचं का गाळायचं: सोलापूरच्या गप्पांवरच्या प्रकल्प नोंदी

5 जानेवारी 2025

आजपासून नोंदी ठेवतोय. प्रश्न एकच धरलाय, "मला वाटतं उद्या लाईट जाणार" आणि "मला वाटतं की उद्या लाईट जाणार" ही दोन्ही वाक्यं आपल्याकडे रोज बोलली जातात, अर्थ तोच, व्याकरण दोन्हीकडे बरोबर, मग बोलणारा माणूस एका वेळी की घालतो आणि दुसऱ्या वेळी गाळतो ते कशावरून. तोच माणूस, त्याच गप्पांत, पाच मिनिटांच्या अंतराने दोन्ही करतो. त्यामुळे "काही लोक की वापरतात, काही नाही" एवढ्यावर भागत नाही.

इंग्रजीत या प्रश्नावर बरंच काम झालंय, त्यांच्या that बद्दल. तिथलं एक उत्तर असं की माणूस बोलताना माहितीचा लोंढा एकाच शब्दावर येऊ देत नाही, जमेल तितका पसरवतो. यालाच माहितीची एकसारखी घनता म्हणतात, इंग्रजीत युनिफॉर्म इन्फर्मेशन डेन्सिटी, थोडक्यात यूआयडी. रॉजर लेव्ही आणि फ्लोरियन येगर यांनी 2007 च्या आसपास हे मांडलं, आणि येगरच्या 2010 च्या पेपरात फोनवरच्या इंग्रजी गप्पांच्या मोठ्या संग्रहावर that चा हिशोब आहे. मला बघायचंय की हाच हिशोब मराठी की ला लावला तर टिकतो का, आणि नाही टिकला तर नेमका कुठे अडतो.

डेटा म्हणजे घरच्या आणि शेजारच्या लोकांच्या गप्पा, परवानगी घेऊन रेकॉर्ड केलेल्या. आत्या, मावशी, गल्लीतले काका, यंत्रमागावर काम केलेले दोन आजोबा. नावं कुठेच लिहिणार नाही. भाषा जशी बोलली तशीच उतरवायची, "आहे" चं "हाय" झालं असेल तर हायच.

12 जानेवारी

आधी मोजायचं काय ते स्वतःसाठी नीट लिहून ठेवतो, नाहीतर पुढे गोंधळ होईल.

सरप्रायजल म्हणजे एखादा शब्द तिथे येणं किती अनपेक्षित होतं त्याचं माप. आधीचं सगळं ऐकल्यावर तो शब्द येण्याची शक्यता p असेल तर सरप्रायजल −log₂ p, बिटमध्ये. शक्यता निम्मी तर 1 बिट, आठात एक तर 3 बिट, बत्तिसात एक तर 5. कल्पना मुळात क्लॉड शॅननच्या 1948 च्या कामातली. वाक्य समजायला किती जड जातं याच्याशी तिचा संबंध जॉन हेलने 2001 मध्ये जोडला, आणि लेव्हीने 2008 मध्ये ती मांडणी पुढे नेली.

आता की चा हिशोब. आकडे समजुतीपुरते घेतलेत, मोजलेले नाहीत. समजा "ऐकलं" या क्रियापदानंतर आठातून एकदाच उपवाक्य येतं, म्हणजे "कारखाना बंद होणार" असं वाक्यातलं वाक्य, बाकी वेळा दुसरंच काहीतरी. म्हणजे "आता उपवाक्य सुरू झालं" ही बातमीच 3 बिटची. आणि उपवाक्य सुरू झालंय हे माहीत असताना पहिला शब्द "कारखाना" असण्याची शक्यता बत्तिसात एक, म्हणजे 5 बिट. "मी ऐकलं कारखाना बंद होणार" असं म्हटलं तर "कारखाना" या एका शब्दावर दोन्ही बातम्या एकदम येतात, 3 आणि 5 मिळून 8 बिट. "मी ऐकलं की कारखाना बंद होणार" म्हटलं तर 3 बिट की वर पडतात आणि 5 "कारखाना" वर. बेरीज दोन्हीकडे 8 च आहे, फरक फक्त उंचीचा. यूआयडीचं म्हणणं बेरजेबद्दल नाहीच आहे, ते या उंचवट्याबद्दल आहे, हे विसरलं की पुढचं सगळंच उलटसुलट होतं.

आता "वाटतं" घ्या. समजा त्याच्यानंतर चारातून तीनदा उपवाक्य येतंच. मग ती बातमी जेमतेम 0.4 बिटची. की गाळलं तर "कारखाना" वर 5.4, ठेवलं तर 0.4 आणि 5. एवढ्याशासाठी एक आख्खा शब्द खर्च करायचा कशाला. तेव्हा यूआयडीचं भाकीत सरळ आहे, ज्या क्रियापदानंतर उपवाक्याची अपेक्षा कमी त्याच्यानंतर की जास्त, आणि जिथे अपेक्षा भरपूर तिथे की गळणार. येगरला इंग्रजीत हेच सापडलं होतं, आणि तेही उपवाक्याची लांबी, अडखळणं, कर्ता सर्वनाम आहे का असल्या बऱ्याच गोष्टी हिशोबात धरून झाल्यावर.

19 जानेवारी

सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेच्या गर्दीत आठवडा गेला, रेकॉर्डिंग मात्र भरपूर झालं, कारण यात्रेच्या दिवसांत पाहुणे असतात आणि पाहुणे असले की गप्पा असतात. आज उतरवलेल्या मजकुरात की शोधायला बसलो.

नुसतं "की" शोधून चालतच नाही. आपल्याकडे "चहा घेणार की सरबत" मधला की वेगळा, तो किंवा आहे. "तो आला की फोन कर" मधला आल्याबरोबरचा. आणि सोलापुरात तर वाक्याच्या शेवटी येणारा की सगळ्यात जास्त, "जेवलो की", "हाय की घरीच", "सांगितलंय की तुला". यातला एकही मला नकोय. कंप्युटरला हे चारही सारखेच दिसतात, म्हणून प्रत्येक की हाताने तपासून खूण केली, उपवाक्याचा असेल तरच ठेवला.

शेवटच्या की मुळे एक खरोखर फसवी जागा येते. "सांगितलं की उद्या येतो" हे ऐकताना कळत नाही की हे "सांगितलं की! उद्या येतो" आहे, म्हणजे दोन वेगळी वाक्यं, की "उद्या येतो असं सांगितलं" आहे. कागदावर दोन्ही एकच. रेकॉर्डिंग ऐकलं तर जोर देणाऱ्या की वर आवाज खाली येऊन थांबतो आणि उपवाक्याच्या की नंतर आवाज लटकता राहतो, पुढे काहीतरी येतंय असा. जिथे ऐकूनही ठरत नाही ती वाक्यं बाजूला ठेवली, ती मोजणार नाही. ज्यांना फक्त चॅटमधल्या मजकुरावर असलं काम करायचंय त्यांनी ही जागा लक्षात ठेवा, तिथे ऐकायला काहीच नसतं.

अजून एक. आपल्या भागात "उद्या येतो म्हणून सांगितला" ही रचना खूप आहे, उपवाक्य आधी आणि म्हणून नंतर. "उद्या येईल असं वाटतं" हाही तसाच. म्हणजे मराठी बोलणाऱ्यापुढे दोन वाटा नाहीत, तीन-चार आहेत. क्रियापद आधी आलं आणि उपवाक्य मागून आलं अशीच वाक्यं मी घेतोय, कारण की चा प्रश्न तिथेच उभा राहतो. पण हे गाळणं निर्दोष नाही. ज्याला की टाळायचाय तो कदाचित आधीच दुसऱ्या वाटेने गेलेला असेल, आणि तो माझ्या हिशोबात दिसणारच नाही.

26 जानेवारी

लेखी मराठी मजकुरावर ट्रायग्रॅम मॉडेल बनवलं, म्हणजे आधीच्या दोन शब्दांवरून पुढचा शब्द किती शक्य ते सांगणारं. केनएलएम नावाचं सॉफ्टवेअर वापरलं, साधं आहे आणि माझ्या लॅपटॉपवर चालतं.

```
lmplz -o 3 < mr.txt > mr.arpa
```

```python
import kenlm, math
m = kenlm.Model("mr.arpa")
s = "मी ऐकलं की कारखाना बंद होणार"
words = s.split() + ["</s>"]
for (lp, n, oov), w in zip(m.full_scores(s), words):
    print(w, round(-lp / math.log10(2), 2), n, oov)
```

केनएलएम log₁₀ मध्ये उत्तर देतं, बिट हवे असतील तर log₁₀ 2 ने भागावं लागतं, म्हणजे साधारण 3.32 ने गुणायचं. ते विसरलं तर सगळे आकडे एकाच प्रमाणात लहान येतात आणि दिसायला एकदम ठीक वाटतात.

शेवटचा कॉलम सगळ्यात महत्त्वाचा निघाला. शब्द मॉडेलने आधी कधी पाहिला नसेल तर तिथे True येतं. आजोबांच्या एका वाक्यात "न्हाई", "हाय", "तकडं" तिन्हींवर True आलं. लेखी मजकुरात हे शब्द नाहीत म्हणून मॉडेल त्यांना प्रचंड अनपेक्षित समजतं, पण आजोबांसमोर बसलेल्या माणसाला त्यात अनपेक्षित काय आहे. सरप्रायजल हा शब्दाचा गुण नाही, शब्द आणि ऐकणारा दोघांच्या मधला आहे, आणि माझं मॉडेल म्हणजे पुस्तकं वाचून आलेला, सोलापुरात कधी न राहिलेला ऐकणारा. म्हणून उपवाक्याचा पहिला शब्द True असलेली वाक्यं सरप्रायजलच्या हिशोबातून काढली. दुसरा उपाय म्हणजे हायचं आहे करून टाकणं, पण कोण कुठे हाय म्हणतो आणि कुठे आहे, यालाही अर्थ असतो, तो पुसून टाकायला मन होत नाही.

2 फेब्रुवारी

आजची नोंद फक्त मोजण्याच्या एका सापळ्याबद्दल, कारण यात पडलं तर निकाल उलटा येतो आणि कळतही नाही.

क्रियापदानंतर उपवाक्य येण्याची शक्यता काढायची तर सोपा रस्ता काय, मोठा मजकूर घ्या, "ऐकलं" किती वेळा आलंय मोजा, त्यातल्या किती वेळा लगेच की आलाय मोजा, भागा. झालं. पण यात की शिवायची उपवाक्यं मोजलीच जात नाहीत. ज्या क्रियापदानंतर लोक की सर्रास गाळतात, जसं "वाटतं", त्याची उपवाक्याची शक्यता आपोआप कमी दिसणार. मग पुढे तुम्ही तपासता की उपवाक्याची शक्यता कमी असली तर की जास्त येतो का, आणि उत्तर येतं, नाही, उलट कमी येतो. यूआयडी खोटं ठरलं म्हणून मोकळे. खरं तर जे सिद्ध करायचंय तेच मापात आधीपासून मिसळलेलं होतं.

ओळखायचं कसं. "वाटतं", "म्हणाला" यांच्यासारखी रोजची क्रियापदं घ्या, ज्यांच्यामागून उपवाक्य येतं हे कुणीही सांगेल, आणि यादीत ती खाली पडलेली दिसली की समजायचं माप बिघडलंय. उपाय कष्टाचा आहे, प्रत्येक क्रियापदाची वाक्यं वाचून की असो नसो, उपवाक्य आहे का ते ठरवायचं. वहिनी शाळेत मराठी शिकवतात, त्यांनी अर्धी वाक्यं स्वतंत्रपणे तपासायचं कबूल केलंय. जिथे आमचं जमणार नाही तिथे बसून बोलू.

9 फेब्रुवारी

वहिनींच्या एका प्रश्नाने आजचा दिवस सार्थकी लागला. त्या म्हणाल्या, "भावजी, 'मी गाणं ऐकलं' यात गाणं आधीच येऊन गेलं ना, मग ऐकलं म्हटल्यावर पुढे गाणं येईल का उपवाक्य येईल हा प्रश्न पडेलच कुणाला?"

अगदी खरंय, आणि इंग्रजीचा हिशोब जसाच्या तसा उचलता येत नाही तो इथेच. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, कर्म नंतर. "I heard" म्हटल्यावर पुढे गाणं येऊ शकतं, बातमी येऊ शकते, उपवाक्य येऊ शकतं, ऐकणाऱ्यापुढे सगळे रस्ते खुले असतात आणि that त्यातला एक रस्ता दाखवतो. मराठीत क्रियापद शेवटी. "ऐकलं" कानावर पडेपर्यंत कर्म येऊन गेलेलं असतं, किंवा आलेलं नसतं. त्याची जागा रिकामी राहिली हीच एक मोठी खूण आहे.

जानेवारीतलाच हिशोब परत करतो, तेच समजुतीचे आकडे. आठ वेळा "ऐकलं" आलं, त्यातल्या पाच वेळा कर्म आधीच येऊन गेलं होतं, गाणं, भाषण, बातमी. उरल्या तीन, त्यातल्या एकीत उपवाक्य. म्हणजे "मी ऐकलं" आणि आधी काहीच नाही, अशा जागी शक्यता आठात एक नाही, तिनात एक. 3 बिटची बातमी 1.6 वर आली. क्रियापद तेच, पण की ने उचलायचं ओझं जवळजवळ निम्मं झालं. नुसत्या क्रियापदावरून माप काढणारा माणूस मराठीत की ची गरज जास्त धरणार, आणि तीही सगळीकडे सारखी जास्त नाही, ज्या क्रियापदांना कर्म घ्यायची सवय आहे तिथेच जास्त. "ऐकणे", "सांगणे", "बघणे" यांचे आकडे खूप हलतील, "वाटणे" चा त्यामानाने कमी.

पण रिकामी जागा म्हणजे उपवाक्य येणारच असंही नाही. आपण ठाऊक असलेलं कर्म बिनधास्त गाळतो. "ते भांडण झालेलं कळलं का?" "हो, ऐकलं मी." इथे जागा रिकामी आहे आणि वाक्य संपलंय. तेव्हा मोजताना तीन खण केले, कर्म आधी आलंय, कर्म नाही आणि वाक्य तिथेच संपतंय, कर्म नाही आणि उपवाक्य येतंय. मॉडेलला यातलं फार काही दिसत नाही, ट्रायग्रॅमची नजर दोन शब्दांपलीकडे जात नाही, आणि आपल्याकडे कर्म कधी कधी क्रियापदापासून चार शब्द लांब असतं. म्हणून हे माप हाताच्या मोजणीवरूनच काढायचं ठरलं.

"वाटणे" मध्ये यातूनच एक सुंदर जोडी मिळाली. "मला वाटतं पोरगं पडेल" आणि "मला भीती वाटते की पोरगं पडेल". क्रियापद एकच, बोलणारी एकच मावशी. दुसऱ्यात "भीती" ने जागा भरली, वाक्य तिथे संपलं तरी चालतं, म्हणून पुढे उपवाक्य येणं जास्त अनपेक्षित आणि की यायला हवा. यूआयडीला हे अगदी हवंय. तरी मी लगेच पुरावा म्हणून धरणार नाही, कारण ते उपवाक्य "भीती" या नामाला लागलंय, आणि नामाला लागणाऱ्या उपवाक्यात की व्याकरणानेच लागत असेल तर तिथे बोलणाऱ्याला निवडच नाही. जिथे निवड नाही तिथे निवडीचं कारण शोधून उपयोग नाही. मावशीला विचारलं, "मला भीती वाटते, पोरगं पडेल" असं म्हणशील का. म्हणाली, "म्हणीन की, पण मधे थांबून." लिहिलेला स्वल्पविराम तिथे की चं काम करतोय असं दिसतंय. दोन वेगळी वाक्यं का एकच, ते अजून ठरवलेलं नाही.

16 फेब्रुवारी

आता दुसऱ्या स्पष्टीकरणाकडे. ते आधीचं आहे आणि मला मनापासून पटणारं आहे, व्हिक्टर फेरेरा आणि गॅरी डेल यांचं 2000 सालचं. त्यांचं म्हणणं, बोलणारा ऐकणाऱ्यासाठी काही पसरवत वगैरे नाही, त्याच्या तोंडाशी जे तयार असतं ते तो बोलून टाकतो. पुढचा शब्द तयार असेल तर that गळतो, नसेल तर that बोलून तेवढा वेळ मिळतो. उपलब्धतेचं स्पष्टीकरण म्हणूया.

अडचण अशी की बहुतेक ठिकाणी दोन्ही एकच भाकीत करतात. उपवाक्य "मी", "तो" ने सुरू झालं तर हे शब्द अपेक्षितही असतात आणि पटकन आठवणारेही, दोघांच्याही मते की गळणार. म्हणून नुसतं की चं प्रमाण बघून कोण जिंकलं ते कळत नाही. दोघांची भाकितं जिथे उलटी जातात अशी जागा शोधावी लागते.

चिनी भाषेत अशी जागा सापडलेली आहे. तिथे संख्येनंतर आणि नामाआधी एक मोजणीचा शब्द लागतो. बऱ्याच नामांना खास शब्दही चालतो आणि सगळ्यांना चालणारा सामान्य शब्दही. खास शब्द ऐकला की पुढचं नाम ओळखणं सोपं होतं, म्हणजे नाम अनपेक्षित असेल तेव्हा यूआयडीच्या मते खास शब्द यायला हवा. पण नाम पटकन आठवत नसेल तर त्याचा खास शब्दही आठवणार नाही, म्हणून उपलब्धतेच्या मते तेव्हा सामान्य शब्द येणार. झान आणि लेव्ही यांनी 2018 मध्ये तपासलं, नाम जितकं अनपेक्षित तितका सामान्य शब्द जास्त. निकाल उपलब्धतेच्या बाजूने गेला. त्यातले लेव्ही म्हणजे यूआयडी मांडणाऱ्यांपैकीच एक, हे मला फार आवडलं.

मराठीत अशी जागा मला "असं" मध्ये दिसते. "मी असं ऐकलं…" म्हटलं की पुढे उपवाक्य येणार हे जवळजवळ नक्की. "असं" ने ती बातमी आधीच देऊन टाकली, की वर द्यायला काहीच उरलं नाही. यूआयडीचं भाकीत, असं आलं तर की गळणार. उपलब्धतेचं उलटं. माणूस "असं" कधी म्हणतो, बऱ्याचदा मनात वाक्य जुळत असताना, "मला असं… असं वाटतं की… म्हणजे…". "असं" आणि "की" दोन्ही वेळ काढायच्याच जागा असतील तर ते एकत्र यायला हवेत.

आणि कान काय सांगतो, "मला असं वाटतं की" हे तर एका श्वासात येतं, गल्लीतल्या काकांचं निम्मं बोलणं त्याने सुरू होतं. म्हणून उपलब्धता जिंकली असं म्हणायचा मोह होतो, पण तिसरी शक्यता आधी संपवायला हवी. "मला असं वाटतं की" हा आता सबंध घडीव तुकडा झालाय, सभेत, टीव्हीवर, मुलाखतीत सगळीकडे. माणूस जरा औपचारिक बोलायला लागला की "असं" ही येतं आणि "की" ही येतो, दोन्हींचं कारण औपचारिकता. तेव्हा बघायचं ते असं: एकाच माणसाच्या, एकाच घरगुती गप्पांत, आणि "वाटतं" सोडून इतर क्रियापदांवर, "असं कळलं", "असं ऐकलं", "असं म्हणाली", यांच्यामागे की वाढतो का कमी होतो. आणि प्रत्येक ठिकाणी अडखळणं आहे का हे वेगळं नोंदवायचं, "अं", लांबवलेला स्वर, शब्द परत म्हणणं. अडखळण्याशिवायच्या "असं" नंतरही की वाढत असेल तर उपलब्धताही एकटी पुरणार नाही.

2 मार्च

रिकाम्या जागेनंतर उपवाक्याची शक्यता काढायला संग्रह कमी पडतोय, "आठवलं", "दिसलं" अशी क्रियापदं फारशी येतच नाहीत. म्हणून लोकांना अर्धी वाक्यं देऊन पुरी करायला सांगतोय. "काल मी ऐकलं ___", "आईला अचानक आठवलं ___". तोंडीच घेतोय, लिहायला दिलं की लोक शाळेची भाषा लिहितात.

याच्या मर्यादा लिहून ठेवतो. तीस माणसांत एकानेही उपवाक्य दिलं नाही तर शक्यता शून्य धरता येत नाही, शून्याचं सरप्रायजल अनंत होतं. तिसात एक का तीनशेत एक हे असल्या पद्धतीने कळतच नाही, आणि log मध्ये तो फरक 3 बिटहून जास्त आहे. म्हणून अशी क्रियापदं आकड्याने न मांडता फक्त "फार कमी" या खणात टाकतोय. दुसरं, "ऐकलं" वर थांबून बाकीचं तुम्ही बोला असं सांगितलं की वाक्य संपवायची सोयच राहत नाही. खऱ्या बोलण्यात ते तिथेच संपलंही असतं. त्यामुळे ही शक्यता खऱ्यापेक्षा जास्तच येणार. "एवढंच, पुढे काही नाही" हेही उत्तर चालेल असं आधीच सांगायला लागलो, मग आत्याने दोनदा तेच उत्तर दिलं, आणि तिच्या त्या दोन्ही वाक्यांत ते बरोबरच होतं.

9 मार्च

पहिल्या शब्दाच्या सरप्रायजलचा प्रश्न राहिला होता. मॉडेलला "मी ऐकलं कारखाना" दिलं तर "कारखाना" वर जो आकडा येतो त्यात दोन नाही तर तीन गोष्टी आहेत, उपवाक्य सुरू होणं, पहिला शब्द कारखाना असणं, आणि इथे की आलेला नसणं. ज्या क्रियापदानंतर लोक सहसा की म्हणतात तिथे की चं नसणं हेच अनपेक्षित, म्हणून आकडा फुगतो. तो आकडा घेऊन "बघा, की नसताना उंचवटा येतो" म्हणायचं म्हणजे परत गोल फिरणं. जानेवारीतल्या सोप्या हिशोबात ही तिसरी गोष्ट मुद्दाम बाहेर ठेवली होती.

यावर केलंय ते असं. मॉडेलच्या मजकुरातून सगळे की काढून टाकले आणि त्यावर दुसरं मॉडेल बनवलं. आता ते मॉडेल की ची सवय शिकलेलंच नाही, पुढचा शब्द किती अपेक्षित एवढंच सांगतं. "किंवा" या अर्थाचे आणि वाक्याच्या शेवटचे की सुद्धा यात निघून गेले, थोडी नासधूस झाली, पण ती सगळ्या क्रियापदांवर फार वेगवेगळी पडू नये.

विश्लेषणाचं सूत्र असं ठरलंय:

```r
library(lme4)
glmer(ki ~ s_upavakya + s_shabda + asa * adkhal + lambi +
        (1 | bolnara) + (1 | kriyapad),
      family = binomial, data = d)
```

`ki` म्हणजे की आला का, `asa` म्हणजे "असं" आलं का, `s_upavakya` म्हणजे रिकामी जागा धरून काढलेलं उपवाक्याचं सरप्रायजल, `s_shabda` की काढलेल्या मॉडेलमधलं पहिल्या शब्दाचं, `adkhal` अडखळणं, `lambi` उपवाक्याची लांबी. बोलणारा आणि क्रियापद यांना आपापला पाया दिलाय, नाहीतर गप्पांत जास्त बोलणारे काकाच सगळा निकाल ठरवतील. यूआयडी बरोबर असेल तर `s_upavakya` चा गुणक अधिक आणि `asa` चा उणे यायला हवा. उपलब्धता असेल तर `asa` अधिक, आणि तो जोर मुख्यतः अडखळणाऱ्या वाक्यांत. पहिला गुणक अधिक आणि `asa` पण अधिक आला तर दोन्ही कारणं एकाच वेळी काम करतायत असं म्हणावं लागेल, आणि माझा अंदाज तिकडेच जातोय.

हे सगळं मराठीत जमलं नाही तरी आश्चर्य नको. शेजारच्या हिंदीत शब्दक्रमावर 2018 मध्ये झालेल्या कामात, सरप्रायजल आधीच हिशोबात धरल्यावर घनता एकसारखी ठेवण्याच्या मापाने वेगळी भर घातली नव्हती. तिथेही क्रियापद शेवटीच असतं.

वहिनींची तपासलेली वाक्यं आली. आमचा मतभेद जवळजवळ सगळा "सांगितलं" वर आहे, जोर देणारा की का उपवाक्याचा. शनिवारी दोघं मिळून ती रेकॉर्डिंग परत ऐकणार, आणि आजोबांनाही बसवणार, कारण त्यातली बरीचशी वाक्यं त्यांचीच आहेत.